बारका कप आणि मोठी बशी

पोलादपूरच्या मोटारस्टँडसमोर आमचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांब, वर पेंढा आणि मी. मालक, म्हणजे माझा नवरा, गिऱ्हाइकं सांभाळायचे. चुलीवर राज्य माझं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती.

कपाला दोन पैसे पडायचे. मोटारीतले उतारू ते देत. पण डोंगरावरच्या वाड्यांतून लाकडं, तूप घेऊन उतरणारी माणसं दोघांत एक कप घेत, एकजण कपातून पिई, दुसरा बशीतून. बरेचजण तर नुसता वास घेऊन पुढं जात. दुकान जेमतेम चालायचं. थोरल्या दिरांनी मुंबईच्या गिरणीत शब्द टाकून ठेवला होता. शिमग्यापर्यंत दुकान सुधारलं नाही तर मालक मुंबईला जाणार, असं ठरलं. मी वरवर म्हणे, जा की! आणि रात्र रात्र जागी राही.

मग मालकांना महाडच्या बाजारात निम्म्या मापाचे कप स्वस्तात मिळाले. त्यांच्या बशा वाटेत फुटल्या होत्या, म्हणून स्वस्त. "बशा हायत की आपल्या!" म्हणत ते नाचतच घरी आले. बारका कप, एक पैसा!

काय गर्दी उसळली म्हणून सांगू! उमरठकडची माणसं वाट वाकडी करून यायची. वास घेऊन जाणारे आता बाकड्यावर बसायचे, मोटारवालेही बारकाच मागायचे. दिवसाला पाच किटल्या खपत, त्या आठ झाल्या. धुरानं डोळे चुरचुरत, हात भाजत, आणि मी चुलीपाशी बसून एकटीच हसत असे. शिमगा येऊ दे, म्हटलं, बघतेच कोण मुंबईला जातं ते!

आठ दिवसांनी दूध-साखरेचे पैसे वजा केले, तर हातात पूर्वी रोजचे पाच आणे, म्हणजे वीस पैसे, उरायचे तिथं चारच आणे. मालकांचा चेहरा पडला. मी म्हटलं, तुम्ही मोजायला चुकलात. पुन्हा मोजले. चारच!

दुसऱ्या दिवशी वाडीवरचा एक म्हातारा धनगर बशी फुर्रकन ओढून म्हणाला, "बाय गो, कप दे नायतर नको देऊ. मी बशीसाटीच येतो."

सगळे खो खो हसले. मीही हसले आणि हसता हसता थांबले. आमच्याकडं कप बशीत सांडेपर्यंत भरायचा असतो. काठाशी थांबलात तर गिऱ्हाईक तुम्हाला चिकट म्हणतं आणि पुन्हा पाऊल टाकत नाही. गर्दी ओसरल्यावर मी पळीनं पाणी मापून पाहिलं. मोठ्या कपात चार पळ्या, बशीत एक. बारक्या कपात दोन, आणि बशीत तरीही एकच! म्हणजे दोन पैशांना पूर्वी पाच पळ्या जात, आता सहा. एका किटलीत तीस पळ्या. मोठ्या कपानं तिचे बारा पैसे व्हायचे, बारक्यानं दहाच. आणि दूध-साखरेपायी आठ पैसे तर किटलीच खायची. चाराचे दोन उरले की हो! किटल्या दुप्पट खपल्या असत्या तरच जुनी कमाई राहिली असती.

"मंग सांडायचं बंद कर," मालक म्हणाले.

"अवो, मंग येईल कोन? बशी लहान पायजे. अर्धी पळी मावंल एवडी. मंग बाराचे बारा पैसे, नि किटल्या आठ!"

पहाटे उठून बघते तर अंथरूण रिकामं, खुंटीवरचा कोट नाही, आणि ट्रंकेतला त्यांचा पैशांचा बटवाही नाही. शेजारीण म्हणाली, महाडच्या वाटेनं गेले. महाडच्या पुढं दासगावचा धक्का, आणि धक्क्यावरून मुंबईची बोट. त्या दिवशी मी तीन वेळा दूध उतू घालवलं. गिऱ्हाइकांना वाटलं, बाईला धूर लागला.

दिवेलागणीला ते आले. डोक्यावर पाटी, तिच्यात पेंढा, आणि पेंढ्यात तळहाताएवढ्या दोन डझन बशा.

"चार दुकानं पालती घातली गो!"

"पैसे कुटले?"

"बोटीच्या भाड्याचे," ते म्हणाले, आणि असे हसले की पाटी डुगडुगली.

मी पाटी खाली उतरवून घेतली. मला रडू येत होतं, म्हणून मी दोन बशा उलटसुलट करून पाहिल्या आणि दुकानदारानं तुम्हाला फसवलं म्हणून त्यांच्यावर खूप ओरडले.