उत्तरं नको, प्रश्न मोज

माझी धाकटी नणंद मानकोलीच्या पुढच्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा गेल्यावर तिने ही नोकरी धरली आणि खिचडी शिजवण्यापासून पोरांची नाकं पुसण्यापर्यंत सगळं केलं. तिच्या अंगणवाडीची सेविका दिवाळीच्या सुमाराला निवृत्त होणार होती. ती जागा नणंदेला मिळू शकत होती, पण त्यासाठी बारावी पास असणं भाग होतं. म्हणून ती घरूनच परीक्षेला बसली, आणि मार्चमध्ये एका विषयात नापास झाली. विषय अर्थशास्त्र, म्हणजे मी ज्युनियर कॉलेजात जो रोज शिकवते तोच! पुरवणी परीक्षा हीच काय ती संधी. ती हुकली तर बाहेरून कोणीतरी सेविका येणार आणि ही तिच्या हाताखाली जन्मभर भांडी घासणार.

निकालानंतर ती धामणकर नाक्याजवळच्या आमच्या घरी आली. पिशवीत सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा एक जाडजूड संच होता. मोबाइलचं तर विचारूच नका. कसले कसले ग्रुप, 'शंभर टक्के हेच येणार' म्हणून ओरडणारे व्हिडिओ, कोणीतरी पाठवलेली अपेक्षित उत्तरं.

"वहिनी, यातली कुठली उत्तरं पाठ करू तेवढं सांगा," ती म्हणाली. "बाकी मी करते. माझं पाठांतर चांगलं हाय."

तिचं पाठांतर चांगलंच होतं, दुखणं तिथेच होतं. मी विचारलं, मार्चमध्ये काय लिहून आलीस? तिने धडाधड म्हणून दाखवलं. पेपरात एक प्रश्न असतो, खाली दिलेल्या विधानांशी आपण सहमत आहात की असहमत ते सकारण लिहा. 'मागणीच्या नियमाला कोणतेही अपवाद नाहीत' असं विधान आलं होतं. हिने लिहिलं, 'होय, मी या विधानाशी सहमत आहे', आणि खाली मागणीचा नियम उतरवून काढला, आकृतीसकट! संचात मागणीवरचं जे विधान सोडवलेलं होतं त्याचं उत्तर 'सहमत' होतं, म्हणून हिने 'मागणी' शब्द दिसताच तेच पाठ केलेलं ओतलं. बाकीच्या विधानांचंही तसंच. सगळीकडे सहमत.

माझं डोकं सणकलं. "अगं, विधान वाचलंस तरी का?"

"वाचलं ना. पण छापलेलं चूक कसं असेल?"

वर्गात असं कोणी म्हटलं तर पोरं हसली असती. हिच्या बाबतीत मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दहावी झाल्या झाल्या लग्न, मग सासर, मग दीर सांगतील ते. या बाईला तुझं मत काय असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते बोर्डाने, आणि तिने मान डोलावली.

मी तो संच उचलून कपाटावर टाकला. मागच्या काही वर्षांच्या कोऱ्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे होत्या, त्या तिच्यासमोर पसरल्या. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे डावीकडे धड्यांची नावं लिहिली, वर परीक्षांची वर्षं.

"आता एकेक प्रश्न वाच, तो कुठल्या धड्यातला ते ओळख आणि त्या चौकटीत त्याचे गुण मांड."

"आणि उत्तरं?"

"उत्तराचं नाव काढायचं नाही! उत्तरं नको, प्रश्न मोज."

ती रुसली. पहिल्या दोन पत्रिका तर नुसती धुसफुसत केल्या. तिसऱ्या पत्रिकेशी तिचा हात थांबला. "वहिनी, उपयोगिता परत आली. तवा फरक लिवा म्हणून आलेली, आता संकल्पना ओळखा म्हणून." मी पुढची पत्रिका तिच्याकडे सरकवली. थोड्या वेळाने, "मागणी तर दरवर्षी हाय. पण प्रश्न दरवर्षी निराळा." मग स्वतःशीच पुटपुटली, "मग पाठ करून काय उपयोग?"

तेवढं तिचं तिला कळलं, मी सांगितलं असतं तर एका कानाने ऐकून सोडलं असतं. तक्ता भरला तेव्हा उपयोगिता, मागणी, बाजाराचे प्रकार, राष्ट्रीय उत्पन्न यांच्या रांगा गच्च भरल्या होत्या. काही धडे अधूनमधून डोकावत होते. एक-दोन धड्यांच्या रांगा जवळजवळ रिकाम्या होत्या. तिने लगेच पेन्सिल घेऊन त्या रिकाम्या रांगांवर काट मारायला घेतली.

"थांब," मी म्हटलं. "अंगणवाडीत वजनाच्या दिवशी कमी वजनाची पोरं सापडली की त्यांच्या घरी जास्त वेळा जातेस ना? मग बाकीच्यांचं वजन करणं सोडतेस का?"

"सोडून कसं चालंल? कधी कोणाचं वजन घसरंल, काय सांगावं?"

"तसंच आहे हे. मागच्या वर्षी काय आलं ते कळतं, यंदा काय येईल ते कळत नाही."

मग आम्ही वेळापत्रक केलं. गच्च रांगांचे धडे आधी आणि पुन्हा पुन्हा, अधूनमधूनचे त्यानंतर, रिकाम्या रांगांचे निदान एकदा नीट वाचायचे. धडा पाठ्यपुस्तकातून वाचायचा, पुस्तक मिटायचं, जुन्या पत्रिकेतला त्या धड्याचा प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं. मगच पुस्तक उघडून ताडून बघायचं. जिथे चुकलं तो भाग आठवडाभराने पुन्हा. दुपारी अंगणवाडी सुटली की ती शेअर रिक्षाने यायची. सहमत-असहमतच्या विधानांवर आमची रोज भांडणं व्हायची. 'असहमत' लिहायचं झालं की ती आधी माझ्याकडे बघायची.

मध्ये तिच्या दिरांचा फोन आला. मदतनीस म्हणून बरी हाय ती, उगाच कशाला डोक्याला ताप, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुरवणी परीक्षेचा पेपर देऊन ती थेट माझ्याकडे आली. विधान आलं होतं, 'मागणीवर फक्त किमतीचाच परिणाम होतो.' हे तिने कुठेच वाचलेलं नव्हतं, कुठल्या संचात नाही की पत्रिकेत नाही.

"मी असहमत लिवलं," ती हळूच म्हणाली. "उत्पन्नाचं कारण दिलं. नारपोलीतले कापडाचे लूम बंद पडले की मजुरी बुडते, मग साडीचा भाव तोच ऱ्हातो, पण घेणारं कोणी न्हाय. आन् दुसरं, चहा महागला की लोक कॉफीकडं वळतात, म्हंजे कॉफीचा भाव न बदलता कॉफीची मागणी वाढते. बरोबर हाय का?"

नेमकी तेव्हा दारात शेजारीण आली आणि माझं उत्तर राहूनच गेलं. नंतर तिनेही विचारलं नाही.

निकाल लागला त्या दुपारी आम्ही दोघी माझ्या मोबाइलवर वाकून बसलो होतो. ती पास झाली होती, काठावर नाही, चांगली झाली होती. मी आनंदाने ओरडले, तिला गदागदा हलवलं. सेविकेची जागा आता तुझीच म्हणून समज, म्हटलं. ती मात्र तशीच ताठ बसून होती.

"अगं पास झालीस बाई! आता काय पाहिजे तुला?"

"पास तर नशिबानं पण झाली असंन," ती म्हणाली. "ते मी माझ्या मनानं लिवलं होतं ना, ते बरोबर होतं का, तेवढं सांगा."

"बरोबर होतं," मी म्हटलं. "दोन्ही कारणं बरोबर होती."

तेव्हा कुठे ती रडली. नवरा गेला तेव्हाही मी तिला असं मोठ्याने रडताना पाहिलं नव्हतं.