आईच्या खात्यातून कापलेले पैसे

आई आचऱ्याच्या बाजारात मासे विकते. बाबा होते तेव्हा बँकेचा मेसेज आला की ते जाळं बाजूला ठेवत, मोबाइल हातभर लांब धरून मोठ्याने वाचत, "पैसे जमा झाले गो!" आई म्हणायची, "वाचतत असे, जसे ह्येनीच भरले!"

बाबा गेल्यानंतरच्या गणपतीत मी मुंबईहून घरी आले, तर आईची एकच तक्रार. "बँकेत पैसे आटतत. मी काढतंय त्येच्यापेक्षा जास्तच कमी जातत."

मी बँकेतून वर्षभराचं स्टेटमेंट आणलं आणि पडवीत बसून एकेक ओळ वाचू लागले. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून आई साठवलेलं काढून खायची. त्यात शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, आणि तीन महिने दर महिन्याला एकशे अठरा रुपये कापले गेले: शंभर दंड, अठरा जीएसटी. एटीएम कार्डाचे वर्षाला एकशे सत्याहत्तर. कार्ड देवघरातल्या डब्यात पडून होतं, आई नेहमी स्लिप भरूनच पैसे काढायची. शिवाय दर तिमाहीला मेसेजचे सतरा रुपये सत्तर पैसे. बेरीज झाली सहाशे एक रुपये ऐंशी पैसे.

"म्हणजे माझी दोन दिसांची कमाई," आई म्हणाली. मग थांबून विचारलं, "पण मेसेज खंय येतत? माका एक पण येवक नाय."

स्टेटमेंटवर नंबराचे शेवटचे चार आकडे होते. ते बाबांच्या मोबाइलचे होते. तो नंबर कधीच बंद झाला होता. आई उठून चुलीकडे गेली. मी कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाखेत गेलो. "शिल्लक कमी झाली की दंडाआधी कळवायचं असतं," मी अधिकाऱ्यांना म्हटलं. "तुमची सूचना बंद नंबरावर गेली. आईला कळणार कसं?" त्यांनी स्क्रीनवर बघितलं, अर्ज लिहून घेतला आणि तीन महिन्यांचा दंड परत करतो म्हणाले. कार्डाचे आणि मेसेजचे पैसे मात्र मिळणार नाहीत. कार्ड बंद केलं. खातं किमान शिलकीची अट नसलेल्या साध्या खात्यात बदललं. त्यात महिन्यातून मोजक्याच वेळा पैसे काढता येतात, पण आईला तेवढ्या पुरतात.

नवीन नंबराच्या रकान्यासाठी आईने स्वतःचा नंबर सांगितला, एकेक आकडा जपून.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. "ह्या खात्यार पयली सही केलंय त्या दिसा," ती म्हणाली. "भायर इलंव, तर तुझ्या बापसान माका आइस्क्रीम दिल्यान. 'माझी मासेवाली बायको आज बँकवाली झाली,' म्हणान."

आणि ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.