गाळलेला रकाना

माझं अक्षर चांगलं आहे, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याच अक्षरानं मी एका माणसाचं वाटोळं करायला निघालो होतो, ते आता सांगतो. सांगायला उशीर झालाय, हे मलाही कळतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बारामतीत आमचा एक लहानसा दूध संघ होता, आता तो राहिलेला नाही. मी त्यात कृत्रिम रेतन करणारा कर्मचारी, म्हणजे गावोगाव फिरून माजावर आलेल्या गाई भरवणारा. लोक आम्हाला 'डॉक्टर'च म्हणायचे आणि आम्हीही ते खोडून काढत नसू. माझं केंद्र पणदऱ्याला, कर्मचारी क्रमांक सतरा. कळसच्या केंद्रावर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे एक गृहस्थ होते, कर्मचारी क्रमांक नऊ. सगळे त्यांना आबा म्हणत. गाईच्या पाठीवर नुसता हात ठेवून 'आज नको, उद्या सकाळी' असं सांगणारा माणूस. मला हे काम शिकवलं ते त्यांनीच.

त्या मे महिन्यात आबांच्या बायकोचं पुण्यात ऑपरेशन निघालं. रजा शिल्लक नव्हती. मग आमच्यात चालायचं तसं ठरलं: आबांनी मस्टरवर पुढच्या पंधरा दिवसांच्या सह्या करून ठेवायच्या आणि मी दोन्ही केंद्रं बघायची. कागदावर कुठं काही नाही. सगळेच एकमेकांसाठी करत, त्यात गैर असं कुणाला वाटत नव्हतं.

जाताना आबांनी एकच गोष्ट बजावली होती. "नायट्रोजन रोज बघ. पट्टी बुडवून बघायची, अंदाजपंचे न्हाय."

वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या जारात ठेवतात. त्या गारठ्यात त्या वर्षानुवर्षं टिकतात. नायट्रोजन उडून गेला की काही तासांत कांडी मेली. बाहेरून ती जशीच्या तशी दिसते, रंग तोच, छापलेला वळूचा क्रमांक तोच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घाईत कांडी काढली आणि जारचं बूच खिडकीत ठेवून निघून गेलो. दोन दिवस मी पणदऱ्याकडंच अडकलो. परत येऊन बघतो तर बूच खिडकीत आणि जारच्या तोंडातून नेहमीची पांढरी वाफ नाही. पट्टी बुडवली. कोरडी ठणठणीत.

तेव्हा बारामतीला फोन करून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं तर आबा पुण्यात असल्याचं उघड होईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी माझीच कातडी वाचवत होतो, आबांचं नाव फक्त तोंडी लावायला घेतलं होतं. माझ्या जारातल्या कांड्या मोजून मिळालेल्या, त्या इकडं वापरल्या असत्या तर तिकडं हिशेब लागला नसता. नायट्रोजनची गाडी यायला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत मी कळसच्या आसपास तीसेक गाई मेलेल्या कांड्यांनी भरवल्या. लोक गाय धरून उभे राहायचे, नंतर चहा द्यायचे. एका बाईनं मला ओट्यावर बसवून ताक दिलं. तिची एकुलती एक गाय होती आणि घरात दुधाचा दुसरा थेंब नव्हता. "लागंल न्हवं, डाक्टर?" तिनं विचारलं. लागेल म्हणालो. गाडी येईपर्यंत मेलेल्या कांड्या संपल्या; मग जार भरून घेतला आणि त्यात नव्या ठेवल्या.

प्रत्येक गाईची नोंद रजिस्टरला केली. कर्मचारी क्रमांकाच्या रकान्यात खरं तर नऊ लिहायचं ठरलं होतं. हाताच्या सवयीनं मी सतराच लिहीत गेलो आणि महिनाअखेर ते रजिस्टर संगणक विभागात गेलं.

आबा आले. "नायट्रोजन बघत व्हतास न्हवं?"

"व्हय आबा."

गाभण राहिली नाही की गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. मी दिवस मोजायला लागलो. विसावा दिवस गेला आणि कळसकडून बातम्या यायला लागल्या. ह्याची गाय उलटली, त्याची उलटली. आबांनी पुन्हा भरवल्या, पण ऊन तापलेलं, बऱ्याच जनावरांचे महिने वाया गेले. ताक देणाऱ्या बाईची गाय तर नंतरही राहिली नाही. लोक आबांना तोंडावर बोलायला लागले.

पावसाळा सरता सरता गाभण तपासणीचे निकाल आले आणि आमचे साहेब, संघाचे पशुवैद्यक, अस्वस्थ झाले. उन्हाळ्यात गाभण राहण्याचं प्रमाण का घसरलं? वळू खराब, कांड्यांची खेप खराब, की माणूस खराब? ते शोधायला संगणकातली माहिती हवी होती. सोमवारी आम्ही कर्मचारी कांड्या घ्यायला बारामतीला जायचो, तेव्हा साहेबांनी मला बसवलं. टंकलेखक रजेवर होता आणि माझं अक्षर चांगलं.

साहेबांनी कच्चा मसुदा हातात दिला. तो मला आजही पाठ आहे. प्रति, संगणक विभागप्रमुख. विषय: कृत्रिम रेतन नोंदींची माहिती मिळणेबाबत. कालावधी: एक एप्रिल ते तीस जून. हवी असलेली माहिती: केंद्राचे नाव, गाव, पशुपालकाचे नाव, जनावराचा बिल्ला क्रमांक, रेतनाची तारीख, कितवे रेतन, वळू क्रमांक, कांडीची खेप, कर्मचारी क्रमांक, गाभण तपासणीचा निकाल. केंद्र व तारखेनुसार लावून मिळावी. प्रयोजन: गाभण प्रमाण घटण्याची कारणे शोधणे.

संगणक विभागाचा एक खाक्या होता. पत्रात जे लिहिलंय तेवढंच छापून यायचं, एक रकाना कमी नाही, एक जास्त नाही. कालावधी किंवा प्रयोजन राहिलं तर पत्र तसंच परत. तिथला माणूस म्हणायचा, "मागाल ते मिळेल, न मागितलेलं आम्ही देत नाही."

मी पत्र पक्कं केलं, एकेक रकाना वळणदार अक्षरात. 'कांडीची खेप' लिहून झालं. त्याच्यापुढं 'गाभण तपासणीचा निकाल' लिहिलं. मधला एक रकाना गाळला. अक्षराचं वळणसुद्धा बिघडलं नाही, याचंच मला आज जास्त वाईट वाटतं. साहेबांनी न वाचता सही केली.

आठवड्यानं दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदाची चळत आली. साहेब पट्टी ठेवून ओळ ओळ खाली येत होते आणि मी समोर उभा होतो. एप्रिल बरा. पणदरे बरं. कळस, मे, मध्यावर पट्टी थांबली. नाही. नाही. नाही. नाही. नऊ दिवस एका सुरात.

"वळू वेगवेगळे, खेपा वेगवेगळ्या," साहेब म्हणाले, "म्हणजे दोष वळूचा नाही. जार किंवा माणूस." मग कपाळाला आठी घालून, "कर्मचारी क्रमांक आलेला दिसत नाही. असू दे. कळस म्हणजे आबाच."

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. मला वाटलं, राहतंय की.

आबांना नोटीस निघाली. निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी का करू नये, पंधरा दिवसांत खुलासा द्या. त्यांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती आणि घरी आजारी माणूस. साहेबांपुढं ते काही बोलले नाहीत. बोलायचं तर गैरहजेरीचं बोलावं लागणार आणि मस्टरवरच्या त्या पंधरा खोट्या सह्या उघड होणार.

दहाव्या दिवशी आबा पणदऱ्याला माझ्या केंद्रावर आले. सायकल लिंबाला टेकवली, पाणी प्याले, खिशातून कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"साहेबांस्नी इचारलंय. म्हणालं, लिहून आण, सही करतो. मला पुन्हा तीच माहिती पायजे कंप्यूटरवाल्यांकडनं. कळसची, मे महिन्याची."

"तीच कशाला, आबा?"

"एक रकाना जास्त घाल. कर्मचारी क्रमांक."

मी पेन हातात धरून बसलो.

"मस्टरचं मी साहेबांस्नी सांगून आलोय," आबा म्हणाले. "त्याची शिक्षा माझी हाय, ती मी घीन. पर ती जनावरं मी फुकट घालवली न्हायत. तुजं नाव मी घेतलं न्हाय, घेणार बी न्हाय. आता कागदानंच घेतलं तर माझा इलाज न्हाय."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. उलटलेल्या गाईंच्या तारखा त्यांनी दारोदार जाऊन विचारल्या होत्या आणि बोटावर मोजल्या होत्या; महिनाअखेर रजिस्टर पाठवताना त्यातला माझा सतराही त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. त्यांना संगणकाची गरजच नव्हती, गरज साहेबांना होती.

एक कालावधी चुकवला असता, मेच्या जागी जून लिहिला असता, तरी मी सुटलो असतो. हा विचार माझ्या डोक्यात आला हे मी लपवत नाही. पण आबा समोर बसून माझ्या पेनाच्या टोकाकडं बघत होते. मला लाज वाटली. मी लिहिलं. कालावधी: एक मे ते एकतीस मे. कर्मचारी क्रमांक. प्रयोजन: जबाबदारी निश्चित करणे.

मंगळवारी कागद आला. आम्ही दोघंही साहेबांपुढं होतो. त्या नऊ दिवसांच्या ओळींपुढं खालपर्यंत एकच आकडा होता. सतरा, सतरा, सतरा. साहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी जारचं बूच, खिडकी, कोरडी पट्टी, सगळं सांगून टाकलं. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. आबांना मस्टरसाठी ताकीद मिळाली आणि त्यांचं केंद्र राहिलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी साहेब उठून आतल्या खोलीत गेले तेव्हा टेबलावर फाईल उघडी होती. आबांनी ती सहज चाळावी तशी चाळली. माझं दुसरं पत्र, त्याच्या खाली माझं पहिलं पत्र आणि त्याला टाचणीनं लावलेला साहेबांच्या हातचा मसुदा. आबा सावकाश वाचत. बोट मसुद्यावरून रकान्या-रकान्यानं सरकत 'कर्मचारी क्रमांक'पाशी थांबलं. मग ते माझ्या पत्रावर गेलं, तशाच गतीनं, शेवटपर्यंत. परत पहिल्यापासून आलं.

चूक माणसाच्या हातून होते, ती आबांनी केव्हाच पोटात घातली होती. हे मुद्दाम गाळणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडावरचा रंग माझ्यासमोर उतरत गेला.

त्यांनी फाईल मिटली, दोरी बांधली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "अक्षर लई चांगलं हाय तुजं."