केकच्या डब्यातली चिठ्ठी

हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि जुन्या आठवणी लिहून लोकांचा वेळ घेण्याचा धीर मला अजूनही होत नाही. चुकलं तर माफ करा. पण शेजारच्या काकूंबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

बोरीवलीला आमच्या चाळीत त्या भिंतीपलीकडे राहायच्या. काका गेल्यावर त्यांनी केक करायला सुरुवात केली. झाकणाला काच असलेला तो ॲल्युमिनियमचा, विजेवरचा गोल ओव्हन, त्यात अंड्याशिवायचे केक. आसपासच्या सोसायट्यांतल्या गुजराती घरांत त्यांना मागणी होती. खोली दिरांची होती. दिरांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत स्वतःचं काहीतरी पक्कं कर, नाहीतर गावी भावाकडे जा.

स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला केक आवडला. तो म्हणाला, "बेन, माल चांगला आहे. पण घरचा माल, लोक विचारतात. तुमची गिऱ्हाइकं काय बोलतात ते लिहून आणा, मी काचेवर लावतो. नवरात्राच्या आधी आणा हां, नाहीतर दिवाळीची ऑर्डर मी दुसऱ्याला देऊन टाकतो."

गणपती नुकतेच गेले होते. काकूंनी मला बोलावलं. "तू कॉलेजात जातोस ना, लिही काहीतरी."

मी लिहिलं, 'आपला बहुमोल अभिप्राय कळवून उपकृत करावे.'

"अरे, हे काय कोर्टाचं समन्स आहे?" काकू हसल्या. "हे वाचून बाई आधी नवऱ्याला विचारील, आणि तो म्हणेल, कशाला लफड्यात पडतेस?"

मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं:

'नमस्कार. केक आवडला असं तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून विचारते. कुणासाठी घेतला होता? घरात सगळ्यात जास्त कुणी खाल्ला? शेजारणीला काय सांगाल? यातल्या एकाचंच उत्तर, एका ओळीत लिहिलंत तरी पुरे. गुजरातीत लिहिलंत तरी चालेल. काही आवडलं नसेल तर तेही लिहा. चिठ्ठी दुकानात लावणार आहोत. नाव नको असेल तर घालू नका.'

खाली मोकळी जागा ठेवली. मी म्हटलं, घरात वेळेला पेन सापडत नाही, म्हणून प्रत्येक चिठ्ठीला पेन्सिलीचा तुकडा दोऱ्याने बांधला. परत कशी पाठवायची, तर काकू म्हणाल्या, "डबा परत येतोच की. त्यातच टाकतील." केक त्यांच्याच गोल डब्यांतून जायचे. शेवटची ओळ घातली: 'चिठ्ठी डब्यात ठेवून डबा परत करा.' यापेक्षा सोपं काय असणार, असं दोघांनाही वाटलं.

डबे गेले, पण परत येईनात.

काकू रोज दार उघडं ठेवून बसायच्या. शेवटी मला म्हणाल्या, "जाऊन बघ रे. केक बिघडला होता का?" मी संकोचत पहिल्याच घरी गेलो. तिथल्या काकींनी डबा दाखवला, घासूनपुसून फळीवर ठेवलेला. "अरे, चिठ्ठी कधीच लिहिलीय. पण रिकामा डबा कसा पाठवू? आणि आता पितृपक्षात गोड काय करून घालू? दसऱ्याला करंज्या करते, मग आणून देते."

मी म्हटलं, "नुसती चिठ्ठी द्या ना."

"डब्यात ठेवून पाठवा असं तिनेच लिहिलंय ना! तिची वस्तू तिला रिकामी देऊ होय?"

पुढच्या दोन घरीही तेच. गुजराती बेनसुद्धा म्हणाल्या, श्राद्ध संपू दे. एकच चिठ्ठी हातात घेऊन मी परत आलो, पहिल्या घरच्या काकींनी शेवटी कुरकुरत दिलेली. काकू ती घेऊन दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "एक चिठ्ठी तर घरची माणसंपण लिहितात, बेन."

नवरात्र बसलं. त्याने ऑर्डर दुसऱ्याला दिली.

दसऱ्याला डबे आले. करंज्या, खोबऱ्याच्या वड्या, सुखडी. काकूंच्या ओट्यावर जागा उरली नाही. प्रत्येकात चिठ्ठी होती. 'सासूबाईंना दात नाहीत, त्यांनीच अर्धा संपवला.' 'शेजारणीला सांगणार नाही, मग आम्हाला मिळणार नाही.' काकू वाचत हसल्या, मग पदराने चष्मा पुसत बसल्या. एक करंजी मोडून त्यांनी मला दिली. स्वतः खाल्ली नाही.

दिवाळीनंतर त्या गावी गेल्या. ओव्हन गोधडीत गुंडाळून बरोबर नेला. डब्यांपैकी एक आमच्याकडे ठेवला, "येईन तेव्हा घेईन" म्हणून. माझी आई दर सणाला तो काढायची, पुसायची, आणि परत ठेवायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी काकूंचा भाचा नोकरी शोधत मुंबईत आला आणि पत्ता विचारत आमच्या दारात उभा राहिला. आईने त्याला पाणी दिलं आणि आधी काकूंचंच विचारलं. तो म्हणाला, "आत्या गेली शिमग्याच्या आधी. आमच्या वाडीत वीज नव्हती ना, तो ओव्हन तसाच गोधडीत होता. यंदा गणपतीला आली वीज."