नूतनताईंचा पापडाचा डबा

चौलला आमच्या शेजारी राहणाऱ्या नूतनताई आशा कार्यकर्त्या. बाळंतपण, लसीकरण, वजनं, सगळं त्यांच्याकडे. बाईंचा आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलल्या की मागच्या वाडीतली गाय कान टवकारते. पण गरोदर बाईच्या उशाशी बसल्या की तोच आवाज इतका मऊ होतो की मला अजून नवल वाटतं.

त्यांचा जुना फोन पावसाळ्यात गेला. रात्रभर चार्जिंगला खिडकीत असायचा, खाऱ्या हवेने चार्जिंगचं भोक गंजलं. नवा फोन घेतला तेव्हा त्यांनी ठरवलं की पुन्हा ही चूक नाही. संध्याकाळीच पूर्ण चार्ज करायचा आणि मग नीट ठेवायचा.

तो फोन महिनाभरात नखरे करायला लागला. झोपताना पूर्ण भरलेली बॅटरी पहाटे तळाला, कधी तर फोनच बंद. अशाच एका पहाटे गावातल्या मानसीला, ताईंच्याच देखरेखीखालच्या गरोदर बाईला, कळा सुरू झाल्या. तिच्या सासूने फोनवर फोन लावले, लागला नाही. रेवदंड्याच्या रस्त्यावर रिक्षातच मुलगा झाला. दोघं सुखरूप होते, पण सासूने त्या दिवसापासून नूतनताईंना बाळाचं वजनही करू दिलं नाही. ‘‘बॅटरी संपली व्हती हो,’’ असं त्या दारात उभं राहून सांगत राहिल्या. आता भक्ती नावाच्या दुसऱ्या गरोदर बाईचे दिवस भरत आले होते आणि ताईंची झोप उडाली होती.

त्यांच्या नवऱ्याचं, रत्नपालचं मत ठाम होतं. ‘‘दिसभर रील बगतंस, दुसरं काय व्हनार?’’

रेवदंड्याला प्रज्योतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने सेटिंगमध्ये बॅटरी उघडली, कोणत्या अ‍ॅपने किती खाल्ली ते बघितलं. रील तळाशी होती. हे ऐकून ताईंनी सोबत आलेल्या रत्नपालकडे असं पाहिलं की तो बाहेर जाऊन उभा राहिला. तरी प्रज्योतने एका हवामानाच्या अ‍ॅपची सततची लोकेशनची परवानगी काढली, दोन अ‍ॅपना न उघडता आतल्या आत चालायला बंदी केली. दुसऱ्या पहाटे फोन पुन्हा बंद.

ताई परत गेल्या. ‘‘बॅटरीच खराब हाय. बदलून टाक.’’

‘‘खराब असती तर दिवसाही उतरली असती, ताई. दिवसभर घरोघर फिरता, तेव्हा टिकते ना?’’ त्याने या वेळी अ‍ॅपऐवजी सिस्टिमचा वापर उघडला. सगळ्यात वर होतं मोबाइल नेटवर्क. ‘‘आज रात्री विमान मोड लावून ठेवा. नेटवर्क बंद होईल. तरीही बॅटरी उतरली तर मी बदलतो.’’

भक्तीच्या घरी रत्नपालचा नंबर देऊन ताईंनी तसं केलं. सकाळी बॅटरी जवळजवळ भरलेली होती. रत्नपालच्या फोनवरून प्रज्योतला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘म्हणजे रात्री तो नेटवर्क शोधत बसतो. रेंज सापडली नाही की फोन जास्त जोर लावतो आणि बॅटरी जाते. रात्री ठेवता कुठे तुम्ही?’’

‘‘डब्यात.’’

‘‘कसल्या डब्यात?’’

‘‘पापडाच्या. घट्ट झाकणाचा स्टीलचा हाय. त्यात पापड सादळत न्हाय, मग फोन कसा सादळंल?’’ खाली तांदूळही घातले होते, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

प्रज्योत हसला नाही, हे त्याचं मोठेपण. आमच्याकडे रेंज आधीच बेताची, त्यात चहूबाजूंनी स्टील. ‘‘आता विमान मोड काढा, फोन डब्यात ठेवून झाकण लावा, थोड्या वेळाने रत्नपालभाऊंच्या फोनवरून लावून बघा.’’

ताईंनी लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. झाकण काढून जरा वेळाने पुन्हा लावला, वाजला. त्या डब्याकडे बघत बसल्या. बॅटरी संपली म्हणून मानसीच्या सासूचा फोन लागला नव्हता, असं नव्हतंच. डब्यात रेंज लागत नव्हती म्हणून बॅटरी संपत होती. त्या पहाटे तो कदाचित चालूही असेल, त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांनीच लावलेल्या झाकणाखाली. त्या रडल्या, आणि रत्नपालने तो डबा त्यांच्यासमोरून उचलला.

डब्यात पापड परत गेले. फोन कापडी पिशवीत, उशाशी. भक्तीचा फोन आला तेव्हा ताईंनी दुसरी रिंग होऊ दिली नाही. अलिबागच्या दवाखान्यात मुलगी झाली.

तिथून परतल्यावर त्या घरी न जाता मानसीच्या दारात गेल्या. सासू उंबऱ्यात आडवी उभी होती.

‘‘बॅटरी न्हवती संपली,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मीच फोन डब्यात बंद केला व्हता. मला ठाव न्हवतं.’’

आतून मानसी आली, बाळाला ताईंच्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘‘वजनाचा काटा आणलाय ना?’’