तीनशे सत्त्याहत्तर ओहम

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता लिहून ठेवतो.

वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी विभागप्रमुख होतो, विद्युतचुंबकत्व शिकवत असे. एक गोष्ट शिकवताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. रिकाम्या पोकळीचे दोनच आकडे: विद्युतक्षेत्राला ती किती वाव देते ती पारविद्युतता आणि चुंबकक्षेत्राला किती देते ती पार्यता. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून एकाला त्यानं भागलं की प्रकाशाचा वेग मिळतो. पार्यतेला पारविद्युततेनं भागून वर्गमूळ काढलं की येतात तीनशे सत्त्याहत्तर ओहम, म्हणजे लहरीतल्या विद्युत आणि चुंबकक्षेत्राचं गुणोत्तर. जिथे काहीच नाही, तिथेही हे ठरलेलं!

हिंगणीची एक विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तारेच्या छोट्या वेटोळ्याजवळची दोन्ही क्षेत्रं मोजत होती. तिनं वही दाखवली. गुणोत्तर नव्वद.

"हे काऊन?" मी हसलो. "पोकळीले सूट दिली का तू?"

"सर, तीनदा मोजलं. जवळ असलं की कमीच येऊन राह्यलं."

"सूत्र तुझ्याहून मोठं आहे. वहीत तीनशे सत्त्याहत्तर लिही."

"मोजलं नाई ते कसं लिहू, सर?"

प्रयोगशाळेतला मदतनीस फिस्सकन हसला. मला ते झोंबलं. मी तिच्या वहीवर 'नोंदी अविश्वसनीय' असा शेरा मारला आणि एम.टेक.साठी तिला हवं असलेलं शिफारसपत्र नाकारलं.

पुढच्या सत्रात त्याच वेटोळ्याचं पूर्ण गणित मांडायला बसलो, तेव्हा पेन थांबलं. तिची लहर अकरा मीटर लांबीची, आणि ती मोजत होती दोन वितींवर. इतक्या जवळ क्षेत्रांवर वेटोळ्याचाच वरचष्मा असतो. चुंबकक्षेत्र जड, विद्युतक्षेत्र हलकं. तीनशे सत्त्याहत्तर हा सुटून दूर निघालेल्या लहरीचा आकडा. गणितातून नव्वदच आले.

मी यंत्रं घेऊन मैदानात गेलो. वेटोळ्यापाशी नव्वदच्या आसपास. मागे सरकत गेलो. आकडा वर चढला, मधे तर तीनशे सत्त्याहत्तरच्याही पुढे निघून गेला, आणि वीस मीटरवर तीनशे सत्तर-ऐंशीच्या घरात येऊन स्थिरावला. वेटोळ्याची पकड सुटली होती. आता पोकळी बोलत होती.

पत्र तेव्हाही लिहिता आलं असतं. विभागप्रमुखानं चूक कशी कबूल करायची, म्हणून लिहिलं नाही. ती पुढे शिकली नाही.

गेल्या वर्षी सेलूच्या बसस्टँडवर ती भेटली. शाळेत विज्ञान शिकवते. वाकून नमस्कार केला. "सर, तब्येत कशी आहे?"

तुझी नोंद बरोबर होती, मी चुकलो, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं.

"बरी आहे," मी म्हणालो. "यंदा बोर धरणात पाणी कमी दिसतं." तेवढ्यात तिची बस लागली.