आईच्या सोन्याची कुयरी

पौडच्या बाजारात नरहरी सोनारांचं दुकान एवढंसं, पण त्यांच्या शब्दाला मुळशीभर वजन. गळ्यात घालायची त्यांची सोन्याची कुयरी तर नामांकितच. दोन पातळ पत्रे ठशावर ठोकायचे, कडा एकमेकींना झाळायच्या आणि पोटात लाख भरायची. दिसायला भरघोस, वजनाला हलकी. खोड एकच, आपटली की खळगा. हिंजवडीत नोकरीला जाणाऱ्या मुली हौसेनं घेत आणि चार दिवसांत तोंड पाडून परत आणत.

म्हणून २००८ साली त्यांचा मुलगा स्वानंद पुण्यात कॅड, म्हणजे संगणकावर दागिने घडवायला, शिकायला लागला. नरहरी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, "आमच्या चिरंजीवाला सोन्याला हात न लावता सोनार व्हायचंय."  स्वानंदनं वडिलांची कुयरी कॅलिपरनं मोजून संगणकावर उभी केली, आतून पोकळ ठेवली आणि भिंत जाड घेतली. लाखेची गरजच संपली. ओतल्यावर सोनं आकसतं, म्हणून माप किंचित वाढवलं.

नांदे गावच्या क्षितिजाला ती पडद्यावरच आवडली. लग्न आठवड्यावर आलेलं. तिनं आईची, उषाबाईंची, पाटली काउंटरवर ठेवली. उषाबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या.

"काका, यात दुसऱ्या कुणाचं सोनं मिसळू नका. आईचंच हवं."

"न्हाई मिसळनार," नरहरी म्हणाले. "माजा शब्द हाय."

स्वानंदनं फाइल पुण्याच्या कारखान्यात दिली. यंत्रानं थरावर थर देत मेणाची कुयरी काढली. पाटली घेऊन तो ओतकामाच्या खोलीत गेला आणि जागीच थबकला. मेणाच्या एका दांड्यावर त्याची कुयरी चिकटवलेली होती. तिच्याभोवती कुणाकुणाच्या अंगठ्या, कुणाची कर्णफुलं. यालाच तिथं झाड म्हणतात. झाडाभोवती प्लॅस्टर ओतायचं, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत सगळ्यांचं सोनं एकत्र वितळवून ओतायचं.

"माझं वेगळं ओता," तो म्हणाला.

कारागिरानं पाटली तोलली. "नुसत्या कुयरीएवढं सोनं पुरत नाही. वरच्या दांड्यालाही लागतं, नाहीतर साचा भरत नाही. हे कमी पडतंय. दुसरं टाका नि मोकळे व्हा. कुणाला कळणार आहे?"

कळणार नव्हतंच. पण स्वानंदला वडिलांचा शब्द आठवला. त्यानं हात घालून कुयरी झाडावरून तोडली. तिची शेपटी मोडली.

दुकानात येऊन त्यानं सगळं सांगितलं. नरहरींचा आवाज रस्त्यापलीकडे गेला.

"पाटली कुटं हाय?"

स्वानंदनं खिशातून रुमालाची गाठ काढून पुढं केली. पाटली पाहिल्यावर म्हातारा खाली बसला.

"तरी सांगत हुतो! आता लग्न चार दिसांवर आलंय. तिला काय तोंड दावू?"

स्वानंदनं संगणक लावला. भिंत पातळ केली तर सोनं टोकापर्यंत पोचणार नाही. मग कमी करायचं काय? त्यानं कुयरी वळवून पाठ समोर आणली, बराच वेळ बघितली आणि अख्खी पाठच काढून टाकली. पडद्यावरचं वजन निम्म्यावर आलं. आता दांड्यालाही सोनं उरत होतं.

"आनि पाठ उघडी ठेवून द्यायची व्हय?"

"नाही अण्णा. ओतल्यावर दांडा कापतात. ते सोनं तिचंच. त्याचा पत्रा काढायचा आणि पाठ तुम्ही झाळायची."

नरहरींनी चष्मा पुसला नि पडद्याजवळ सरकले. "टोक फार बारीक हाय. जरा भरीव कर."

ओतायच्या दिवशी ते स्वतः पुण्याला गेले. पाटली मुशीत पडेपर्यंत त्यांनी ती हातातून सोडली नाही. सोनं वितळलं, साच्यात उतरलं. तापलेलं प्लॅस्टर पाण्यात बुडवताच फुटलं. स्वानंदला आत हात घालवेना. इतकी भीती त्याला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती. कारागिरानं ब्रशनं प्लॅस्टर झाडलं. कुयरी टोकापर्यंत भरली होती.

परत आल्यावर नरहरींनी दांड्याचा पत्रा ठोकला, पाठ बसवली. झाळ धरायला सांध्यापुरती चांदी-तांब्याची चिमूट घातली, तीही मुलाला दाखवून.

लग्नाच्या आदल्या दिवशी क्षितिजा आली. तिनं कुयरी तळहातावर घेतली. "काका, सगळं आईचंच ना?"

आजवर या प्रश्नाचं उत्तर त्या दुकानात नरहरींशिवाय कुणी दिलं नव्हतं. ते गादीवरून जरा बाजूला सरकले.

"त्याला इचार," ते म्हणाले. "शब्द त्यानं राखलाय."

स्वानंदनं सांध्यातली चिमूट आधी सांगितली. मग उरलेल्या सोन्याची पुडी, कानशीचा कीससुद्धा, तिच्यापुढं ठेवली. "बाकी सगळं आईचं," तो म्हणाला. क्षितिजानं कुयरी तिथंच गळ्यात घातली.